आईच्या गोळ्यांचं वेळापत्रक (कपाटाच्या दारावर आतून चिकटवायचं)

आई, हा कागद डॉक्टरांना दाखवून घेतलाय. वेळा आणि क्रम त्यांनी वाचून ठीक म्हटलंय. यात पुढे काही बदललं तर जुन्यावर खाडाखोड करू नकोस, मला सांग. मी नवा लिहून पाठवीन, कारण दोन तऱ्हेचे कागद घरात असले की गोंधळ तिथूनच सुरू होतो.

तुझ्या रोजच्या गोळ्या आठ आहेत आणि वेळा पाच. मोठ्या डब्यात मात्र दिवसाला चारच खण आहेत. म्हणून थायरॉइडची गोळी त्या डब्यात ठेवायचीच नाही. तिच्यासाठी सात खणांची छोटी डबी आणलीय, ती उशाशी, पाण्याच्या तांब्याशेजारी. उठल्या उठल्या हाताला तीच लागली पाहिजे.

दिवस असा :

पहाटे ६, उठल्यावर (छोटी डबी) : थायरॉइडची १, लिव्होथायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम. फक्त साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर तासभर चहा, दूध, काहीही नाही.

सकाळी ८, नाश्त्याबरोबर (पहिला खण) : रक्तदाबाची १ (अॅम्लोडिपिन ५), साखरेची १ (मेटफॉर्मिन ५००), बी-१२ ची १.

सकाळी ११ (दुसरा खण) : लोहाची १. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर.

दुपारी १:३०, जेवण होताच (तिसरा खण) : कॅल्शियमची १. रविवारी याच खणात व्हिटॅमिन डी ६०,००० युनिटची १ जास्त.

रात्री ८, जेवताना (चौथा खण) : मेटफॉर्मिन १, कोलेस्टेरॉलची १ (अॅटोर्व्हास्टॅटिन १०).

तू विचारलं होतंस, सगळ्या एकदम नाश्त्याला घेतल्या तर काय बिघडतं? बिघडतं. कॅल्शियम आणि लोह पोटात थायरॉइडच्या गोळीला धरून ठेवतात आणि ती रक्तात पुरती उतरत नाही. गोळी रोज घेऊनही तपासणीत आकडा चढलेला दिसतो, मग डोस उगाच वाढवला जातो. म्हणून त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. सहा ते अकरा, पाच तास मिळतात. कॅल्शियम लोहालाही आड येतं, म्हणून अकरा ते दीड. चहा-कॉफीनेही लोह कमी शोषलं जातं, तेव्हा अकराच्या आगेमागे तासभर चहा टाळ. लिंबातल्या व्हिटॅमिन सीने उलट त्याला मदत होते. रिकाम्या पोटी लोहाने मळमळलं तर गोळी बंद करून बसू नकोस, डॉक्टरांशी बोलून वेळ बदलू. शौचाला काळं होईल, ते लोहामुळे, त्याला घाबरू नकोस.

मेटफॉर्मिन जेवणाबरोबर घेतल्याने पोटाला सोसते. ती वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं, म्हणून ती वेगळी गोळी दिलीय. तिला ‘नुसती ताकदीची’ समजून वगळू नकोस.

व्हिटॅमिन डी बद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. ती आठवड्याला एकच आहे. रोज घेतली तर शरीरात साठत जाते, रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडाला त्रास होतो. तिची स्ट्रिप मी निळ्या पाकिटात वेगळी ठेवलीय. डबा भरायच्या दिवशी एक गोळी काढायची, रविवारच्या खणात टाकायची आणि पाकीट लगेच परत कपाटात. डॉक्टरांनी आठच लिहून दिल्यात. संपल्या की आपणहून नव्या आणायच्या नाहीत.

डबा शनिवारी दुपारी चारला भरायचा, टीव्ही बंद ठेवून. एका वेळी एकच स्ट्रिप बाहेर काढ, तिच्या गोळ्या सातही दिवसांच्या खणांत टाक, स्ट्रिप बाजूला ठेव आणि मगच पुढची घे. दिवसाचे सगळे खण एकदम भरत गेलीस तर मध्येच फोन वाजला की कुठवर आलो ते कळत नाही. स्ट्रिपवरची तारीख बाबांना मोठ्याने वाचायला सांग. कात्रीने कापलेले फॉइलचे तुकडे डब्यात टाकू नकोस, चुकून गिळले गेले तर कडांनी अन्ननलिकेला इजा होते.

भरून झालं की मोज. मोठ्या डब्यात रोज सात गोळ्या, म्हणजे आठवड्याच्या ४९, रविवारची एक धरून ५०. छोट्या डबीत ७. आकडा जुळला नाही तर झाकणं लावू नकोस, बाबांना हाक मार आणि दोघं मिळून पाहा. दुकानदाराने कंपनी बदलून दिली की गोळीचा रंग-आकारही बदलतो. स्ट्रिपवरचं औषधाचं नाव आणि ताकद या कागदाशी जुळत असेल तरच डब्यात टाकायची.

घेतली की नाही हे आठवून ठरवायचं नाही. खण रिकामा म्हणजे घेतली, भरलेला म्हणजे राहिली. त्यासाठी दोन गोष्टी पाळ : गोळी तोंडात टाकायच्या वेळीच खण उघडायचा, आणि रिकामा झालेला खण शनिवारपर्यंत भरायचा नाही. अकराच्या लोहासाठी तुझ्या फोनवर गजर लावलाय, कारण त्या वेळेला जेवणाचा आधार नाही. बाकीच्या वेळी मोठा डबा जेवणाच्या टेबलावर.

राहिलीच तर : रक्तदाबाची संध्याकाळपर्यंत आठवली तर घे, त्यापुढे दुसऱ्या दिवशीचीच. मेटफॉर्मिन राहिली तर पुढच्या जेवणालाच. थायरॉइडची चुकून नाश्त्यानंतर आठवली तर दुपारच्या जेवणाआधी पोट रिकामं असताना घे, आणि त्या दिवशी लोह आणि कॅल्शियम दोन्ही सोडून दे. कुठलीही गोळी दुप्पट करून भरून काढायची नाही. उलट्या-जुलाब लागले, खाणं-पिणं जात नसेल, तर मेटफॉर्मिन घेण्याआधी डॉक्टरांना फोन कर.

ताप-डोकेदुखीची गोळी डब्यात ठेवायची नाही, ती लागेल तेव्हाचीच आहे. अँटिबायोटिक सुरू झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचार की कॅल्शियम-लोहापासून किती अंतर ठेवायचं, काही अँटिबायोटिकं त्यांच्यामुळे नीट लागू पडत नाहीत. ताईने दिलेली केसांसाठीची बायोटिनची गोळी तूर्त डब्यात नको. बायोटिनमुळे थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात, आणि तुझी तपासणी पुढच्या महिन्यात आहे. काही दिवसांत ती घेतली असशील तर डॉक्टरांना सांगायला लाजू नकोस.

डबे स्वयंपाकघरात चुलीजवळ किंवा न्हाणीघरात नकोत, उष्णता आणि दमटपणाने गोळ्या खराब होतात. नातवंडं येतील तेव्हा दोन्ही डबे वरच्या फळीवर, कुलपात. झाकणं मुलांना सहज उघडतात आणि लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या जिवाशी येऊ शकतात. त्या दिवसांत उशाशी फक्त पाणी ठेव, गोळी उठून घे.

तपासणीच्या सकाळी छोट्या डबीतली गोळी रक्त दिल्यावर घ्यायची, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तो खण त्या दिवशी भरलेलाच असेल, बाबांनी बघून ‘राहिली’ म्हणू नये म्हणून त्यावर कागदाची पट्टी चिकटव. रक्त देऊन घरी आल्यावर गोळी घे, तासाभराने नाश्ता, आणि त्या दिवशी लोह दुपारी अडीचला, कॅल्शियम रात्री जेवल्यावर.