कलम ९ : जागा सोडताना तुमच्यावर नेमकं काय बंधन आहे

ताई, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "काका, सहा महिने राहायचंय की सात?" तेव्हा मी घाईत "सहाच" म्हणून मोकळा झालो. नंतर तुमच्या भाड्याच्या कराराचा मसुदा पुन्हा वाचला आणि लक्षात आलं की कागदावर जे लिहिलंय त्याचा अर्थ सात असाही निघतो. हा साचा मी कित्येक करारांत जसाच्या तसा उतरवत आलोय, त्यामुळे दोष माझाच. शुक्रवारी अंगठा लावायला येण्याआधी हे कलम साध्या मराठीत लिहून देतो. हीच प्रत मालकांनाही पुण्याला पाठवली आहे.

मसुद्यातलं मूळ कलम असं आहे:

"९. सदर करारनाम्याच्या मुदतीपैकी पहिले सहा महिने हा कालावधी उभय पक्षांवर लॉक-इन म्हणून बंधनकारक राहील व सदर कालावधीत लिहून घेणार यांनी जागा सोडल्यास उर्वरित लॉक-इन कालावधीचे मासिक शुल्क देण्यास ते जबाबदार राहतील. तदनंतर कोणत्याही पक्षास एक महिना आगाऊ लेखी नोटीस देऊन करार संपुष्टात आणता येईल. तशी नोटीस न दिल्यास नोटिशीच्या कालावधीइतके शुल्क देय होईल. मुदतअखेर अथवा करार संपुष्टात येताच लिहून घेणार यांनी सदर मिळकतीचा रिकामा व शांततापूर्ण कब्जा, वापराने होणारी स्वाभाविक झीज वगळता, ताबा घेतेवेळी असलेल्या सुस्थितीत लिहून देणार यांचे हवाली करावा. कसूर केल्यास प्रत्यक्ष कब्जा मिळेपर्यंत मासिक शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी. थकीत शुल्क, वीजबिल व नुकसानीची वाजवी रक्कम वजा जाता उर्वरित अनामत रक्कम कब्जा मिळताच बिनव्याजी परत केली जाईल."

यात "लिहून देणार" म्हणजे घरमालक आणि "लिहून घेणार" म्हणजे तुम्ही. "लॉक-इन" म्हणजे ज्या काळात करार मध्येच मोडता येत नाही तो काळ. "मासिक शुल्क" म्हणजे दरमहाचे ९,००० रुपये. सगळे त्याला भाडं म्हणतात, मीही खाली भाडंच म्हणतो. पण हा लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे नुसत्या वापराच्या परवानगीचा करार आहे, म्हणून कागदावर शुल्क लिहावं लागतं. अनामत म्हणजे तुम्ही दिलेलं ३०,००० चं डिपॉझिट. मुदत अकरा महिने, १ जून २०२५ ते ३० एप्रिल २०२६.

पहिले सहा महिने

३० नोव्हेंबर २०२५ पर्यंत जागा सोडली, तर त्या तारखेपर्यंत जेवढे महिने उरले असतील तेवढ्यांचं भाडं द्यावं लागेल. समजा दवाखान्यात तुमची बदली झाली आणि तुम्ही ३० सप्टेंबरला निघालात. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर उरतात, म्हणजे १८,००० रुपये. ते डिपॉझिटमधून कापले की तुमच्या हातात १२,००० उरतात, त्यातून वीजबिल जाईल. बदली, लग्न, आजारपण, कुठल्याही कारणाला या कलमात सूट नाही. प्रकरण कधी कोर्टात गेलंच, तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी भरपाई किती ते पाहतं, नुसता आकडा लिहिलाय म्हणून तो मिळतोच असं नाही. पण १८,००० साठी कोर्टाची पायरी कुणी चढत नाही, तेव्हा आकडा खरा धरूनच चला.

"उभय पक्षांवर" हे दोन शब्द तुमच्या बाजूचे आहेत. भाचा आला, जागा हवी, असं सांगून मालकही या सहा महिन्यांत तुम्हाला उठवू शकत नाहीत. भाडं थकवलं तर गोष्ट वेगळी, ते कलम १२ मध्ये आहे.

नोटीस, आणि सहा की सात

"तदनंतर" या शब्दाने घोळ घातलाय. तो नोटीस देण्याला लागतो की जागा सोडण्याला? नोटीस देण्याला लागतो असं धरलं, तर सहा महिने संपल्यावर, म्हणजे १ डिसेंबरला नोटीस, आणि सुटका डिसेंबरअखेर. झाले सात महिने. सोडण्याला लागतो असं धरलं, तर ऑक्टोबरअखेर नोटीस देऊन ३० नोव्हेंबरला तुम्ही मोकळ्या. मी मालकांना फोन करून सरळ विचारलं. ते म्हणाले, "अहो, सहा म्हणजे सहाच, मला काय त्यात." म्हणून खाली एक वाक्य वाढवलंय.

महिना मोजायचा तो नोटीस पोचल्या दिवसापासून, कॅलेंडरच्या पानाप्रमाणे नव्हे. १० जानेवारीला नोटीस पोचली तर १० फेब्रुवारीला जागा रिकामी, आणि फेब्रुवारीचं भाडं दहा दिवसांचंच: ९,००० भागिले २८ गुणिले १०, म्हणजे ३,२१४ रुपये. नोटीस न देता एका रात्रीत सामान हलवलं तर एका महिन्याचे ९,००० जादा द्यायचे.

"लेखी" म्हणजे काय, यावर मसुदा गप्प आहे. मालक पुण्याला मुलाकडे, तुम्ही इथे. दारात गाठ पडली तेव्हा "मी पुढच्या महिन्यात जाणार" म्हणालात, ती नोटीस नव्हे. शेजारच्या काकूंबरोबर निरोप धाडला, तीही नव्हे. तुम्ही दोघांनी मान्य केलंय ते असं: करारात लिहिलेल्या नंबरवर व्हॉट्सॲप मेसेज आणि त्याला समोरून "मिळाला" असं उत्तर. उत्तर दोन दिवसांत आलं नाही तर पोचपावतीसह स्पीड पोस्ट, आणि मग पोचपावतीवरची तारीख धरायची.

"रिकामा कब्जा"

सामान नेलं पण किल्ली पर्समध्येच राहिली, तर कब्जा दिलेला नाही. गॅलरीत कूलर ठेवून "नंतर नेते" म्हणालात, तरी नाही. मावसबहीण परीक्षेपुरती आणखी आठ दिवस राहिली, तरी नाही. तिन्ही किल्ल्या मालकांच्या किंवा त्यांनी सांगितलेल्या माणसाच्या हातात पडल्या आणि आत तुमची एकही वस्तू नाही, त्या क्षणी कब्जा दिला गेला.

यात उशीर महागात जातो. ३० एप्रिलनंतर १० मे पर्यंत राहिलात, तर दुपटीने म्हणजे महिना १८,००० च्या हिशेबाने दहा दिवसांचे ५,८०६ रुपये होतात. ही मालकांची मनमानी समजू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ मध्येच दुपटीची तरतूद आहे, करारात नसती तरी लागू झाली असती. मात्र तुम्ही राहिलात म्हणून मालकांनी स्वतः कुलूप लावायचं किंवा सामान जिन्यात काढायचं, असं नाही. त्यासाठी त्यांना त्याच कलमाखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो.

"स्वाभाविक झीज"

भांडणं होतात ती इथे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घर नुसतं वापरल्याने जे जुनं होतं ती झीज. तिचे पैसे तुम्ही द्यायचे नाहीत. दोन उन्हाळे पाहिलेला रंग फिका पडला, ही झीज. जुळे सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, मधल्या दिवसांत बोअर चालते, आणि बोअरच्या पाण्याने नळावर, फरशीवर पांढरे क्षार चढतात. तीही झीज, तुमचा निष्काळजीपणा नव्हे. कॅलेंडरचा एक खिळा मी झिजेत धरतो. मालकांनीही धरला.

कूलरचं मात्र वेगळं. आपल्याकडे मार्च लागला की खिडकीला स्टँड ठोकला जातो. ग्रील कापून किंवा भिंतीला ड्रिल मारून स्टँड बसवला, तर ते नुकसान. कूलरचं पाणी महिनाभर भिंतीवरून गळून प्लास्टर फुगलं, तेही नुकसान. कूलर जमिनीवरच्या स्टँडवर ठेवा आणि पाण्याची नळी गॅलरीच्या मोरीत सोडा, म्हणजे हा विषयच संपतो. फुटलेली काच, तुटलेला नळ, जळालेला बोर्ड यांचा दुरुस्तीचा खर्च तुमच्याकडे, पण बिल दाखवल्यावरच. "वाजवी रक्कम" याचा अर्थ प्रत्यक्ष झालेला खर्च, अंदाजाने ठरवलेला आकडा नाही.

जागा सोडताना "रंगकामाचे" म्हणून एक महिन्याचं भाडं कापायची पद्धत शहरात सर्रास आहे. या कलमात तसं एक अक्षरही नाही. रंग झिजेत मोडतो. तुमच्याकडून ते कापता येणार नाहीत, आणि मी मालकांना हे स्पष्ट सांगितलंय.

"ताबा घेतेवेळी असलेली सुस्थिती" कशी होती, हे ठरणार फोटोवरून. १ जूनला किल्ली घेताना मालकांचे मेहुणे येणार आहेत. त्यांच्यासमोर प्रत्येक खोलीचे, स्वयंपाकघरातल्या ओट्याचे, संडास-बाथरूमच्या नळांचे आणि हॉलच्या भिंतीवर आधीच असलेल्या ओलीच्या डागाचे फोटो काढा, आणि त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवा. तो डाग तुमच्या आधीचा आहे हे मला माहीत आहे, पण अकरा महिन्यांनी माझं कोण ऐकणार?

डिपॉझिट

"कब्जा मिळताच" म्हणजे किल्ली दिल्याच्या दिवशी, तुमच्या खात्यात. अडचण फक्त शेवटच्या वीजबिलाची, कारण महावितरणचं बिल मागून येतं. म्हणून किल्ली देताना मीटरच्या रीडिंगचा फोटो काढायचा, मालकांनी १,००० रुपये ठेवून बाकी लगेच द्यायचे, आणि बिल आल्यावर उरलेला हिशेब पुरा करायचा. व्याज मिळणार नाही.

एक उलट बाजूचीही सांगतो. "शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून वळते करा" असं बरेच जण म्हणतात. या कलमाने तो हक्क तुम्हाला दिलेला नाही. मार्च-एप्रिलचं भाडं नेहमीसारखंच पाच तारखेच्या आत द्यायचं, नाहीतर ते थकीत ठरेल.

तोंडी ठरलेलं विसरलं जातं, म्हणून वर जिथे "मान्य केलंय", "मालकांनीही धरला" असं लिहिलंय ते सगळं नोंदणीच्या मसुद्यातच घातलंय. मूळ कलमाच्या शेवटी आता ही वाक्यं जोडली आहेत. शुक्रवारी स्क्रीनवर ती दिसतात का ते पाहा, आणि मगच अंगठा लावा:

"लॉक-इनच्या सहाव्या महिन्याअखेर जागा सोडता यावी म्हणून एक महिन्याची नोटीस लॉक-इन चालू असतानाही देता येईल. करारात नमूद नंबरवरील व्हॉट्सॲप मेसेज व त्यास मिळालेले उत्तर, अथवा पोचपावतीसह स्पीड पोस्ट, ही लेखी नोटीस समजली जाईल. जागा महिन्याच्या मध्ये सोडल्यास शुल्क त्या महिन्यातील दिवसांच्या हिशेबाने आकारले जाईल. रंग फिका पडणे, पाण्याचे क्षार चढणे व कॅलेंडरसाठी मारलेला खिळा ही स्वाभाविक झीज असून त्यापोटी अनामत रकमेतून कपात केली जाणार नाही. नुकसानीची रक्कम दुरुस्तीचे बिल दाखवूनच वजा केली जाईल. अखेरच्या वीजबिलापोटी १,००० रुपये राखून उर्वरित अनामत रक्कम किल्ल्या परत मिळाल्याच्या दिवशी लिहून घेणार यांच्या बँक खात्यात जमा केली जाईल."