भाजी मंडईतील महिलांसाठी स्वच्छतागृह सुरू करण्याबाबत जनहित याचिका

मुंबई येथील उच्च न्यायालय, कोल्हापूर सर्किट बेंच
भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 226 खालील जनहित याचिका

याचिकाकर्ता: निवृत्त बँक कर्मचारी, वय 66, नगरपरिषद हद्दीतील रहिवासी (नाव, पत्ता व ओळखपत्र सोबतच्या शपथपत्रात)

विरुद्ध

1. नगरपरिषद, मुख्याधिकारी यांच्यामार्फत
2. जिल्हाधिकारी
3. महाराष्ट्र शासन, नगरविकास विभागाच्या सचिवांमार्फत

माननीय मुख्य न्यायमूर्ती व त्यांचे सहकारी न्यायमूर्ती यांच्या सेवेत, याचिकाकर्त्याचे नम्र निवेदन असे की:

1. कामकाजासाठी या याचिकेची इंग्रजी प्रत दाखल केली आहे. ज्या महिलांसाठी ही याचिका आहे त्यांना ती वाचून दाखवता यावी, म्हणून ही मराठी प्रत सोबत जोडली आहे.

2. याचिका दाखल करण्याचा अधिकार. याचिकाकर्त्याचा मंडईत गाळा नाही, ओटा नाही, कसला ठेकाही नाही. घरातले कोणी तेथे विक्रीस बसत नाही. याचिकाकर्ता कोणत्याही पक्षाचा सभासद नाही, त्याने नगरपरिषदेची निवडणूक लढवलेली नाही आणि लढवण्याचा विचारही नाही. प्रतिवादींशी त्याचा कोणताही वाद प्रलंबित नाही. याचिकेचा खर्च तो निवृत्तिवेतनातून करीत आहे. मुंबई उच्च न्यायालय जनहित याचिका नियम, 2010 प्रमाणे लागणारे शपथपत्र जोडले असून, न्यायालय ठरवील ती अनामत रक्कम भरण्याची त्याची तयारी आहे. याचिकाकर्ता पुरुष आहे. खाली मागितलेल्या सोयीचा उपयोग त्याला स्वतःला कधीच होणार नाही.

3. ज्यांचे गाऱ्हाणे आहे त्या स्वतः का आल्या नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. मंडईतल्या बहुतेक बायका आसपासच्या खेड्यांतून पहाटे माल घेऊन येतात. एक दिवस बाजार बुडाला तर माल सुकतो आणि बसायची जागा दुसऱ्या बाईकडे जाते. शिवाय भुईभाड्याची पावती फाडणाऱ्यांविरुद्धच उभे राहायचे, तेही अशा विषयावर की जो त्या घरातसुद्धा मोठ्याने बोलत नाहीत. गरिबीमुळे किंवा दुबळेपणामुळे जे न्यायालयापर्यंत पोहोचू शकत नाहीत, त्यांच्या वतीने सद्‌हेतूने कोणीही नागरिक दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने एस. पी. गुप्ता (1981) प्रकरणात मान्य केले आहे.

4. वस्तुस्थिती. मंडईच्या मागील बाजूस नगरपरिषदेने बांधलेले स्वच्छतागृह आहे. पुरुषांची बाजू उघडी आहे. महिलांच्या बाजूला चार शौचकूप आहेत आणि दाराला कुलूप आहे. आत जप्त केलेल्या हातगाड्या, फुटके पथदिवे आणि फलकांचे लोखंडी सांगाडे रचलेले आहेत. छतावर टाकी आहे, टाकीला नळजोडणी नाही. छायाचित्रे परिशिष्ट ‘अ’ येथे आहेत.

5. याचिकाकर्त्याने दि. 3 सप्टेंबर 2025 रोजी माहिती अधिकारात अर्ज केला. दि. 26 सप्टेंबर 2025 च्या उत्तरात जन माहिती अधिकाऱ्यांनी कळवले की सदर स्वच्छतागृह “महिला व पुरुष दोहोंसाठी वापरात” असून त्याच्या साफसफाईवर खर्च पडत आहे (परिशिष्ट ‘ब’). कुलूपबंद खोलीची साफसफाई कशी होते, याचा खुलासा त्या उत्तरात नाही. ठेकेदाराच्या बिलांची चौकशी हा या याचिकेचा विषय नाही, म्हणून त्यावर अधिक लिहिलेले नाही.

6. दि. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मुख्याधिकाऱ्यांना लेखी निवेदन दिले आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवली (परिशिष्ट ‘क’). दोहोंची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.

7. मंडईत बसणाऱ्या काही महिलांची शपथपत्रे बंद पाकिटात सादर केली आहेत. त्यांतला मजकूर जवळजवळ सारखाच आहे: घरून निघताना चहा घ्यायचा नाही, दुपारपर्यंत पाणी प्यायचे नाही, आणि अगदीच निभले नाही तर शेजारणीला मालावर बसवून ओढ्याच्या काठाला जायचे. पाळीच्या दिवसांत कित्येक जणी येतच नाहीत. लघवी तुंबवून ठेवल्याने व पाणी कमी प्यायल्याने मूत्रमार्गाला संसर्ग होतो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. एका वृद्ध विक्रेतीने लिहून दिले आहे: “भाडं रोज देते, पावती रोज घेते. त्या पावतीत मुतारी बसत नाही काय?” कायद्याच्या भाषेत याहून नेमका मुद्दा याचिकाकर्त्याला मांडता आलेला नाही.

8. शहराच्या वेशीवर “हागणदारीमुक्त शहर, ओडीएफ प्लस” असा फलक आहे. ओडीएफ प्लसच्या निकषात उघड्यावर लघवीला जाणेही येते. नगरपरिषदेच्या मंडईत भाडे भरून बसणाऱ्या महिलांना ओढ्याकाठी जावे लागत असताना तो दर्जा कागदावर कसा टिकतो, हे प्रतिवादींनी सांगावे.

9. कायदेशीर आधार. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 च्या कलम 49 नुसार सार्वजनिक शौचालये व मुताऱ्या बांधणे आणि त्यांची देखभाल करणे हे नगरपरिषदेचे कर्तव्य आहे. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीतील नोंद 17 मध्ये सार्वजनिक सोयींचा उल्लेख आहे. अनुच्छेद 21 मधील जगण्याचा हक्क सन्मानाने जगण्याचा आहे, आणि अनुच्छेद 15(3) महिलांसाठी विशेष तरतूद करण्यास मोकळीक देतो.

10. निधी नाही, हे उत्तर येण्याची शक्यता आहे. ते रतलाम नगरपालिका विरुद्ध वर्दीचंद (1980) मध्येच नाकारले गेले आहे: कायद्याने लादलेले कर्तव्य पैशाच्या तुटीचे कारण देऊन टाळता येत नाही. येथे तर इमारत बांधून तयार आहे. याच उच्च न्यायालयाने 2015 साली ‘मिळून साऱ्याजणी’च्या याचिकेत महिलांच्या स्वच्छतागृहांबाबत महानगरपालिकांना निर्देश दिले होते. ते निर्देश महानगरपालिकांपुरते होते, हे याचिकाकर्ता मान्य करतो; पण त्यामागचे कारण शहराच्या लोकसंख्येवर अवलंबून नाही. राजीब कलिता प्रकरणात (जानेवारी 2025) सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांच्या आवारातील स्वच्छतागृहांची सोय अनुच्छेद 21 शी जोडली आहे.

11. याच विषयावर याचिकाकर्त्याने अन्य कोणत्याही न्यायालयात याचिका दाखल केलेली नाही. तितकाच परिणामकारक दुसरा उपाय उपलब्ध नाही.

12. मागण्या. म्हणून प्रार्थना की, माननीय न्यायालयाने परमादेश किंवा योग्य तो आदेश काढून:

(अ) मंडईतील महिला स्वच्छतागृहातील सामान हलवून ते पाणी, वीज, आतून लागणारी कडी आणि सॅनिटरी पॅडसाठी झाकणाची बादली यांसह सुरू करण्याचे आणि मंडई चालू असेपर्यंत उघडे ठेवण्याचे निर्देश प्रतिवादी क्र. 1 यांना द्यावेत;

(आ) भुईभाडे भरणाऱ्या महिलांकडून वापराचे वेगळे पैसे घेऊ नयेत, असा आदेश द्यावा;

(इ) आठवडी बाजाराच्या जागेसह शहरातील सर्व बाजारांत महिला व दिव्यांगांसाठी स्वच्छतागृहांचा आराखडा तीन महिन्यांत सादर करण्यास सांगावे;

(ई) पथविक्रेता अधिनियम, 2014 खालील नगर पथविक्रेता समितीतील महिला विक्रेत्या सदस्यांना दरमहा पाहणी करून अहवाल देण्याची मुभा द्यावी, आणि तो अहवाल जिल्हाधिकाऱ्यांनी तपासावा;

(उ) याचिका प्रलंबित असताना अंतरिम आदेश म्हणून कुलूप दोन आठवड्यांत काढावे आणि मुख्याधिकाऱ्यांनी अनुपालनाचे शपथपत्र छायाचित्रांसह दाखल करावे.

याचिकाकर्ता नुकसानभरपाई, याचिकेचा खर्च किंवा कोणा अधिकाऱ्यावर वैयक्तिक कारवाई मागत नाही.

सत्यापन

मी, याचिकाकर्ता, सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की परिच्छेद 1 ते 8 व 11 मधील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व जोडलेल्या कागदपत्रांप्रमाणे खरा आहे. परिच्छेद 7 मधील महिलांचे म्हणणे त्यांच्या शपथपत्रांवरून घेतले आहे, आणि परिच्छेद 9 व 10 मधील कायदेशीर मजकूर मला मिळालेल्या सल्ल्यानुसार खरा आहे असे मी मानतो. काहीही दडवून ठेवलेले नाही.

कोल्हापूर, दि. 12 जानेवारी 2026
याचिकाकर्त्याची सही