प्रकरण ३ : सांबार

लग्नाला सतरा दिवस झाले होते. घरात माणसं अकरा आणि न्हाणीघर एक. त्यामुळे सून पहाटे पाचला उठते याचं कौतुक झालं. खरं कारण कुणी विचारलं नाही.

त्या सकाळी पोह्यांवर घालायला काही दिसेना. मी म्हटलं, "आप्पा, येताना सांबार आणाल?"

आप्पा गेले आणि उडप्याकडून डबाभर गरम सांबार घेऊन आले. वर चटणी फुकट.

"हे नाही हो... हिरवा. जुडी असते त्याची."

आमच्या नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे साताऱ्यात कुणाच्या गावीही नव्हतं. थोरल्या जाऊबाई इतक्या हसल्या की दूध उतू गेलं. माझ्या "भाजी चिरून राहिले"वरून धाकटे भाऊजी आठवडाभर "अभ्यास करून राहिलो" म्हणत फिरतच होते. (करत काहीच नव्हते.)

रात्री गच्चीवर जाऊन थोडं रडले. सासूबाई आल्या, गुडघा चोळत शेजारी बसल्या.

"मी कोकणातली. इथलं तिखट सोसायचं नाही. चोरून गूळ खायचे. सासूबाईंना कळलं."

"मग?"

"मग काय, गुळाचा डबा वरच्या फळीवरनं खाली आला. बोलल्या काही नाहीत."

श्रावणात एकदा दारात भाजीवाला ओरडला. आतून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "सांबाराची जुडी कशी दिलीस रे?"

तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला.