ख्रिसमस ऑर्डर २०२५: बेळगाव, खानापूर, निपाणी

१ डिसेंबर
ऑर्डर सुरू! 🎄
मनुका, खजूर, अंजीर, संत्र्याची साल २ ऑक्टोबरपासून रममध्ये मुरतायत. काल बरणी उघडली आणि घरभर वास सुटला. काजू चंदगडचे. केकचा काळसर रंग साखर करपवून केलेल्या पाकाचा, बाहेरचा रंग नाही.
रम प्लम केक: अर्धा किलो ₹५५०, एक किलो ₹१०५०. निम्मे पैसे आधी.
ऑर्डर डीएमवर.
#बेळगाव #प्लमकेक

५ डिसेंबर
"रमशिवाय मिळेल काय ओ?" मिळेल. फळं संत्र्याच्या रसात भिजवते, भाव तोच. एगलेसही आहे, अर्धा किलो ₹५८०. त्याचे टिन आणि भांडी वेगळी, घाणा १९ तारखेला, एकच दिवस. घरात अंडं चालत नसेल तर निर्धास्त घ्या.

९ डिसेंबर
रम प्लमची शेवटची तारीख १४ डिसेंबर, रात्री ९.
एवढी आधी का? माझ्या ओव्हनमध्ये एका वेळी अर्ध्या किलोचे चारच टिन बसतात. मंद आचेवर सव्वा तास. दिवसाला तीन घाणे. मग केक पूर्ण गार करून निदान तीन दिवस बटर पेपरात मुरायला हवा, नाहीतर सुरी लावली की भुगा. गेल्या वर्षी मी २३ तारखेला एक ऑर्डर घेतली, केक कोमट असतानाच बांधला आणि तो ताटात मोडला. त्या ताईंची मी माफी मागितली. यंदा अर्ध्या किलोच्या हिशोबाने ८० केकच.
रमशिवाय आणि एगलेस: १६ डिसेंबर.

१३ डिसेंबर
कुलकुल! शेजारच्या आंटींनी शिकवले. दिवाळीला आमची चकली त्यांच्याकडे, नाताळला त्यांचे कुलकुल आमच्याकडे, अशी वीस वर्षं झाली. नारळाच्या दुधात मळलेली कणीक फणीवर दाबून वळायची. एकेक हातानं, म्हणून पाव किलोचे ४० डबेच. ₹१८०. ऑर्डर १८ पर्यंत.

१५ डिसेंबर
रम प्लम बंद. ७६ झाले, उरलेले चार आंटींच्या चर्चमधल्या आजी-आजोबांसाठी ठेवलेत. 🙏

१९ डिसेंबर
पोहोचवायचं असं 👇
निपाणी, संकेश्वर: २१ डिसेंबर, सकाळी. भाऊ गाडी घेऊन निघणार, बसस्टँडजवळ भेटेल. ₹८०.
खानापूर: २२ डिसेंबर, ₹६०.
टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ: २२ आणि २३, ₹४०.
कॅम्प: २३ लाच. २४ ला संध्याकाळी चर्चकडच्या रस्त्यांना गर्दी असते, केक हातात घेऊन अडकायला नको.
पत्ता आणि फोन २० पर्यंत कळवा. उशिरा कळवलात तर घरी येऊन न्यावा लागेल.

२४ डिसेंबर
आज पोहोचवणं नाही. टिळकवाडीत घरून संध्याकाळी ७ पर्यंत न्या. केक फ्रिजमध्ये ठेवू नका, डब्यात झाकून ठेवा. उद्या सुट्टी, मी आंटींकडे जेवायला.
नाताळच्या शुभेच्छा! ❤️