रात्रीच्या मेसेजबद्दल राजूभाऊंना

नमस्कार राजूभाऊ,

काल रात्री पावणेबाराला तुमचे तीन बिलांचे फोटो आले, मग "बघितलं का?" आणि मग कॉल. बिलं आज सकाळी चढवली, काम झालं आहे. पण या विषयावर मोकळं बोलायचं आहे, म्हणून निवांत लिहिते.

सीझनमध्ये जिन रात्रभर चालते, गाठी भरून गाड्या रात्रीच निघतात, हे मला माहीत आहे. तुम्हाला तेव्हाच फुरसत मिळते, तेही समजते. पण यापुढे रात्री ८ ते सकाळी ८ मी कामाचे मेसेज पाहणार नाही आणि उत्तरही देणार नाही. तुम्ही पाठवायचं तेव्हा पाठवा, माझी हरकत नाही. उत्तर सकाळी येईल.

फोन बंद करून ठेव, असं तुम्ही मागे म्हणाला होता. ते मला जमत नाही. आमच्या फीडरवर शेतीची लाईन सध्या रात्रीची आहे. हे हरभऱ्याच्या ओलिताला वावरात जातात, अंधारात, पाण्यात, एकटे. त्यांच्यासाठी फोन उशाशी चालू ठेवावाच लागतो. बारा वाजता तो वाजला की आधी सासूबाई दचकून उठतात, आणि स्क्रीन बघेपर्यंत माझ्याही जिवात जीव नसतो. खेड्यात अवेळी आलेल्या फोनचा अर्थ काय घेतात, तुम्हाला सांगायला नको.

दुसरं कामाचंच आहे. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत ८ आणि बी सारखेच दिसतात. एक अक्षर चुकलं तर बिल घेणाऱ्या पार्टीच्या टूबीमध्ये दिसत नाही, त्यांचं क्रेडिट अडकते आणि ते तुमचं पेमेंट अडकवतात. तुमचे हिशेब मला ताज्या डोक्याने करायचे आहेत. रात्रीचे जास्तीचे पैसे देतो म्हणालात, ते नकोत.

आता गाडीचं. रात्रीच्या मेसेजपैकी बहुतेक ई-वे बिलाचे असतात, आणि त्यासाठी मी जागी असायची गरजच नाही. गाठींचं वजन प्रेसवर झालेलंच असते, म्हणजे बिल संध्याकाळी तयार होऊ शकते. ते मला ६ पर्यंत पाठवा, मी पार्ट ए भरून ठेवते. त्यात गाडी नंबर लागत नाही, आणि तो भाग १५ दिवस चालतो. गाडी काट्यावरून उतरली की मुनीमजींनी ewaybillgst.gov.in वर पार्ट बी मध्ये फक्त गाडी नंबर टाकायचा. मुदत तिथून मोजली जाते, त्यामुळे आधी भरल्याने नुकसान नाही. मुनीमजींच्या नावाने सब-युजर काढू, ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर येईल. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत टाकला, तरी नवा नंबर तेच टाकू शकतील. पार्ट बी शिवाय गाडी गेटबाहेर काढू नका, एवढं मात्र त्यांना बजावून ठेवा.

एक सोडून. माल भरलेली गाडी रस्त्यात अधिकाऱ्यांनी अडवली, तर कितीही वाजले असोत, कॉल करा, मेसेज नको. एकदा नाही उचलला तर लगेच दुसऱ्यांदा लावा. मी उठते आणि कागद पाठवते. पण त्याच एका कारणासाठी. "उद्या आठवण द्या", "हा रेट बरोबर आहे का", "मागच्या महिन्याचं लेजर पाठवा", हे सगळं सकाळी.

रिटर्नचंही बोलून घेऊ. विक्रीची बिलं दर महिन्याच्या ८ तारखेपर्यंत द्या, जीएसटीआर-वन ११ ला जाते. शेतकऱ्यांकडून घेतलेल्या कापसाची यादी १५ पर्यंत हवी, कारण त्यावरचा आरसीएम क्रेडिटमधून वळता होत नाही, रोखच भरावा लागतो, आणि तेवढी रक्कम खात्यात ठेवायला तुम्हालाही वेळ पाहिजे. थ्रीबी ची शेवटची तारीख २०. त्या रात्री पोर्टल रेंगाळते, चलन वेळेत पोहोचलं नाही तर रोजचे ५० रुपये लेट फी आणि वर व्याज. यादी वेळेत आली तर १८ लाच भरून मोकळे होऊ.

तुम्ही जिन सुरू केली तेव्हापासून तुमची वही माझ्याकडे आहे. तुमचं काम मला सोडायचं नाही, उलट पुढची किती वर्षं नीट करायचं आहे. मनात काही आलं असेल तर राग न धरता सरळ सांगा. पण रात्रीची वेळ पक्की समजा.

शनिवारी ११ वाजता जिनवर येते. मुनीमजींना त्या वेळी काट्यावर पाठवू नका, सब-युजरचं काम त्यांना समोर बसवून करून दाखवते. ओटीपीसाठी तुमचा रजिस्टर मोबाईलही जवळ लागेल.

वहिनींना नमस्कार सांगा.

वनिता