पहिल्या औषध-फेरीआधी

पोरींनो, ट्रॉली हलवण्याआधी ऐका. योग्य रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग, वेळ. नोंद औषध दिल्यावरच. जळगावच्या वॉर्डात ‘पाटील’ म्हटलं की चार जण ‘हो’ म्हणतात, म्हणून पूर्ण नाव त्यांच्याच तोंडून घ्या, केसपेपरचा नंबर जुळवा. इन्सुलिनच्या बाटलीवर 40, म्हणजे एका मिलीत 40 युनिट, असेल तर सिरिंजही 40 चीच, लाल टोपीची. 100 ची बाटली 40 च्या सिरिंजने त्याच रेघेपर्यंत भरली तर डोस अडीचपट जातो!

चूक झालीच तर आधी पेशंट बघा, मला आणि डॉक्टरांना लगेच सांगा, मग फॉर्म भरा. थोडक्यात टळलेली चूकही लिहा, त्यावर तुमचं नाव नसलं तरी चालेल. विद्यार्थिनी असताना मीही एकदा भीतीने गप्प बसले होते. रात्रभर झोप नव्हती. चुकीबद्दल कोणी रागावणार नाही. लपवलीत तर मात्र मी बोलेन. चला, बेड नंबर एक.