पाहिजेत: ६ अप्रेंटिस (टर्नर २, मशिनिस्ट २, फिटर २)

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या मशीन शॉपमध्ये पंप आणि ट्रॅक्टरच्या कास्टिंगचं मशीनिंग होतं. पुढच्या वर्षी आमचे चार जुने कारागीर निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागा बाहेरून भरायच्या नाहीत, या सहा जणांतूनच भरायच्या, असं ठरलं आहे.

पात्रता: संबंधित ट्रेडचा आयटीआय उत्तीर्ण, वय १८ पूर्ण. मुलींनी जरूर अर्ज करावा. अप्रेंटिसना रात्रपाळी नाही.

विद्यावेतन दरमहा १२,५०० रुपये. त्यातला एनएपीएसचा १,५०० रुपयांचा सरकारी हिस्सा थेट तुमच्या खात्यावर येईल. तो लांबला तरी आमचे ११,००० रुपये ७ तारखेला जमा होतील. दुपारचं जेवण कँटीनमध्ये मोफत, सेफ्टी शूज आणि दोन गणवेश आमच्याकडून.

मुदत एक वर्ष. पहिले दोन महिने सीएनसीला हात लावायचा नाही. साधा लेथ, बेंचवरचं फायलिंग, व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि ड्रॉइंग वाचणं. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं, पण मायक्रोमीटरवर हात न बसलेल्या माणसाच्या हातून पुढे ढिगानं रिजेक्शन निघतं. तिसऱ्या महिन्यापासून टर्नर आणि मशिनिस्ट एका ठरावीक सेटरच्या हाताखाली सीएनसी-व्हीएमसीवर जातील: इन्सर्ट बदलणं, ऑफसेट देणं, पहिला जॉब तपासून घेणं. फिटर फिक्स्चर बांधणी आणि मशीन देखभालीत. आठव्या महिन्यापासून सेटिंग स्वतः करायचं, सेटर फक्त बघेल. नुसतं जॉब लावून बटण दाबायला कुणालाही वर्षभर उभं करणार नाही. दर गुरुवारी दोन तास थिअरी, तीही कामाच्या वेळेतच. रोजची नोंदवही लिहावी लागेल, फोरमन दर शनिवारी सही करेल.

शेवटी अखिल भारतीय व्यवसाय चाचणी द्यायची. ती पास झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. तिच्या निकालासाठी आम्ही थांबणार नाही. बाराव्या महिन्यात आमची स्वतःची चाचणी होईल: ड्रॉइंगवरून एक जॉब पूर्ण करायचा. त्याला ६० गुण, नोंदवही आणि हजेरीला ४०. पहिल्या चौघांना त्याच आठवड्यात नेमणूकपत्र. पगार १९,५०० रुपये, पीएफ आणि ईएसआय लागू, सहा महिने प्रोबेशन, त्यानंतर कायम केल्याचं पत्र. उरलेल्या दोघांना खोटी आशा दाखवणार नाही. जागा निघाली तर आधी त्यांनाच बोलावू, एवढं नक्की.

करार apprenticeshipindia.gov.in वर नोंदवला जाईल. त्याची प्रत घ्या आणि सही करण्याआधी घरच्यांना वाचून दाखवा.

अर्ज, आयटीआयची गुणपत्रिका, आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स २० जूनपर्यंत इथेच प्लेसमेंट विभागात द्यावी. निवडीसाठी लेखी परीक्षा नाही. आमचा फोरमन संस्थेतच येऊन व्हर्नियर वाचायला लावेल आणि चार प्रश्न विचारेल. या भरतीसाठी एक रुपयाही फी नाही. कुणी मागितली तर प्लेसमेंट विभागात सांगा.